चादर पोचली: आहेराची पोच चार ओळींत कशी लिहावी

लग्नाच्या मांडवात एका बाजूला टेबल टाकून आहेर लिहून घेणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. इथे बाळकुमात तर जुन्या गावातल्या लग्नालाही तो असतो आणि शेजारच्या टॉवरमधल्या मंडळींच्या लग्नालाही असतो. त्याच्यासमोरच्या वहीत साधारण तीन गोष्टी लिहिल्या जातात: देणाऱ्याचं नाव, गाव, आणि काय दिलं ते. ‘मावशी, सोलापूर, चादर १.’ संपलं. चादर कुठल्या रंगाची होती, ती का निवडली, देताना मावशी काय म्हणाली, यातलं काहीही त्या वहीत नसतं. पंधरा दिवसांनी घरातलं कोणीतरी ती वही उघडून बसतं आणि म्हणतं, आता सगळ्यांना दोन ओळी लिहायच्या. समोर असतं फक्त वस्तूचं नाव. आणि मग दीडशे जणांना एकच वाक्य जातं: ‘आपण दिलेल्या प्रेमळ भेटीबद्दल मनःपूर्वक आभार.’

आज आम्ही एवढ्याच गोष्टीवर बोलणार आहोत. हातात फक्त वस्तूचं नाव असताना चार ओळींची चिठ्ठी कशी लिहायची, आणि ती लिहिताना मराठीत काय काय अडतं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या चिठ्ठीत ‘आभार’ हा शब्द असला काय नि नसला काय, फार बिघडत नाही. वस्तूचं नाव मात्र असायलाच हवं. कारण ही चिठ्ठी मुळात आभाराची नसून पोच देणारी आहे.

पोच म्हणजे काय, ते देणाऱ्याच्या बाजूने बघा. सोलापूरच्या मावशीला गुडघ्यांमुळे लग्नाला येता आलं नाही. तिने चादर पार्सलने पाठवली. पार्सल मिळालं की नाही, हे तिला विचारता येतं का? येत नाही. ‘चादर मिळाली का रे?’ असं विचारलं तर तिला स्वतःलाच वाटतं की आपण आभार वसूल करतोय. म्हणून ती थांबते. आठ दिवस थांबते, महिना थांबते. मग तिच्या मनात दोनच शक्यता उरतात: एक तर पार्सल हरवलं, नाही तर मिळालं आणि आवडलं नाही. दोन्हींचा तिला त्रास होतो, आणि दोन्हींबद्दल तिला तोंड उघडता येत नाही. चिठ्ठी तिची या अडचणीतून सुटका करते. त्यामुळे ‘चादर पोचली’ हे दोन शब्द या चिठ्ठीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

आपल्या जुन्या पत्रव्यवहारात ही गोष्ट पक्की ठाऊक होती. पेशवाईतली मोडी पत्रं वाचणाऱ्यांना एक ठरलेला शब्द सतत भेटतो, तो म्हणजे ‘पावले’. पत्र पाठविले ते पावले, वस्त्रे पाठविली ती पावली. संक्रांतीला तीळ-साखर पत्रासोबत पाठवायची रीत होती, त्याच्या उत्तरातही तेच: तीळ पावले. पुढे फार तर ‘संतोष जाहला’. त्या काळी माल जासुदाच्या हाती जायचा, वाटेत नद्या, चौक्या, पाऊस. काय निघालं आणि काय पोचलं याचा मेळ बसणं गरजेचं होतं. म्हणून वस्तूचं नाव लिहायचं आणि ती पावली असं लिहायचं. आज आपण दुकानात पैसे दिल्यावर जी ‘पावती’ मागतो, ती याच ‘पावणे’ क्रियापदातून आलेली आहे. आणि गंमत अशी की देव प्रसन्न झाला तरी आपण तो ‘पावला’ असंच म्हणतो. एकाच शब्दात हिशोबही आहे आणि कृपाही आहे. आहेराच्या चिठ्ठीला नेमकं हेच दोन्ही लागतं.

नंतर पोस्टकार्ड आलं. हिंदुस्थानात ते १८७९ साली सुरू झालं. कार्डावर जागा मोजकी, शिवाय पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकणार. त्यामुळे लोकांना थोडक्यात आणि चारचौघांत वाचलं तरी चालेल असं लिहायची सवय लागली. ‘लोणचं मिळालं. बरणी फुटली नाही. मुलांनी सुरुवात केली आहे.’ अशा तीन वाक्यांत पाठवणाऱ्या आजीला हवं ते सगळं कळायचं. पोचलं, धड पोचलं, आणि वापरात आहे. आता आपल्याकडे जागेची टंचाई नाही, आणि तरी चिठ्ठ्या पोकळ झाल्या आहेत. त्याचं एक कारण आपल्या भाषेतच आहे, तिकडे वळू.

मराठीत ‘भेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भेट म्हणजे वस्तू, आणि भेट म्हणजे भेटणं. ‘आपल्या भेटीबद्दल आभार’ असं वाक्य काकांना गेलं तर काका काय समजणार? आपण पाच मिनिटं मांडवात जाऊन आलो, त्याबद्दल लिहिलंय वाटतं. त्यांनी दिलेला कुकर मिळाला की कुठल्या कोपऱ्यात राहिला, हे त्यांना कळलंच नाही. ‘भेटवस्तू’ लिहिलं तर गोंधळ जातो, पण तो शब्द दुकानाच्या पाटीवरचा आहे. मावशी चादर देते, काकू कुकर देते, भेटवस्तू कोणी देत नाही. म्हणून सरळ वस्तूचं नाव घ्यावं. इतर भाषांत तो नुसता नीटनेटकेपणा असेल, मराठीत त्यावाचून वाक्याचा अर्थच लागत नाही.

चिठ्ठी पोकळ आहे की भरीव, हे ओळखायची एक सोपी परीक्षा आम्ही सांगतो. लिहिलेल्या चिठ्ठीतली वस्तू काढा आणि तिथे दुसरीच वस्तू घाला. चादरीच्या जागी मिक्सर घाला. चिठ्ठी तशीच्या तशी चालली तर ती अजून लिहून झालेली नाही. ‘तुमची चादर खूप आवडली, तुमची आठवण राहील’ यात चादरीच्या जागी मिक्सर, घड्याळ, गणपतीची मूर्ती, काहीही बसतं. म्हणजे नाव घेतलं खरं, पण वस्तूकडे पाहिलं नाही.

आता आपण ही मावशीची चादर घेऊन चिठ्ठी प्रत्यक्ष लिहून बघू. वहीत एवढंच आहे: मावशी, सोलापूर, चादर १. लिहिणारा भाचा आहे, नुकतं लग्न झालंय, बाळकुमात राहायला आलाय.

पहिला खर्डा: ‘आपण पाठविलेल्या सुंदर भेटीबद्दल आम्ही उभयता आपले मनःपूर्वक आभारी आहोत.’ परीक्षेत नापास. शिवाय ज्या मावशीला जन्मभर ‘तू’ म्हटलं, तिला इथे एकदम ‘आपण’ झालं. मावशी हे वाचून म्हणेल, लग्न झालं आणि पोरगं परकं झालं.

दुसरा खर्डा. भाच्याला कोणीतरी सांगितलं की आपुलकीने लिही. मग तो लिहितो: ‘मावशी, तुझी चादर रोज रात्री पांघरतो आणि तुझ्या मायेची ऊब जाणवते. ही चादर आम्ही आयुष्यभर जपू.’ इथे दुसरीच अडचण आहे. पार्सल अजून कपाटावर आहे, दोरीसुद्धा सोडलेली नाही. मावशी पुढच्या महिन्यात आली आणि चादर करकरीत घडीत दिसली, तर चिठ्ठीतलं प्रत्येक वाक्य खोटं ठरलं. आणि आयुष्यभर जपू हे वचन कशाला? चादर वापरायची वस्तू आहे. सोलापुरी चादर धुऊन धुऊन मऊ होते, शेवटी विरते, मग तिची पायपुसणी होतात. मावशीलाही ते माहीत आहे. ती जपून ठेवावी म्हणून तिने पाठवलेलीच नाही.

मग करायचं काय? पेन बाजूला ठेवायचं आणि वस्तू हातात घ्यायची. वहीत नुसतं नाव असलं तरी घरात अख्खी वस्तू आहे. चिठ्ठीला लागणारा मजकूर तिच्यातच असतो, आपल्या भावनांत तो शोधायला लागत नाही. वस्तूला तीन प्रश्न विचारायचे. पहिला, ती कधी आणि कशी पोचली? दुसरा, उघडल्यावर आधी काय दिसलं किंवा हाताला काय लागलं? तिसरा, ती आत्ता या क्षणी कुठे आहे? तिन्ही उत्तरं खरी असतात, कारण ती समोर दिसतात. आणि तिन्ही उत्तरं फक्त त्याच वस्तूला लागू पडतात, म्हणून आपल्या परीक्षेत चिठ्ठी आपोआप उतरते.

भाच्याने पार्सल सोडलं. निळी चादर, काठाला पांढरे मोर. रात्री पांघरून पाहिली. तिसरा खर्डा असा झाला:

‘ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.
तू पाठवलेली चादर मंगळवारी संध्याकाळी पोचली. बाहेर धो धो पाऊस होता, पण पार्सल आतून कोरडं निघालं. निळ्यावर पांढरे मोर आम्ही दोघांनी आधी दिव्याखाली नीट पाहिले. रात्रीच पांघरायला घेतली. इथे खाडीकडून वारा येतो, पहाटे अंगावर काहीतरी लागतंच. दोघांना पुरून उरते. आता ती उशाशीच असते. हिचा तुला नमस्कार.
लोभ असावा.’

बघा, यात आभार हा शब्द कुठेच नाही. पण मावशीला काय काय कळलं? पार्सल पोचलं, भिजलं नाही. मोर त्यांनी पाहिले, म्हणजे तिने दुकानात उभं राहून जी निवड केली ती वाया गेली नाही. चादर मापाला पुरली, ही तिची खरी शंका असणार, तिचंही उत्तर मिळालं. आणि ती कपाटात नाही, वापरात आहे. आता मावशी शेजारणीला सांगेल, चादर दोघांना पुरते म्हणे.

यातली ‘हिचा तुला नमस्कार’ ही ओळ मुद्दाम आहे. नवराबायको मिळून चिठ्ठी लिहितात तेव्हा मराठीत पेच पडतो. भाचा मावशीला ‘तू’ म्हणणार, सून मात्र ‘तुम्ही’ म्हणणार. दोघांची मिळून एकच चिठ्ठी कुठल्या शब्दात लिहायची? लोक मग ‘आपण’वर येतात आणि चिठ्ठी सरकारी होते. जुना उपाय चांगला होता: ज्याचं नातं जवळचं त्याने आपल्या तोंडच्या भाषेत लिहायचं, आणि दुसऱ्याचा नमस्कार शेवटी घालायचा. सुनेला स्वतः लिहायचं असेल तर तिने ‘तुम्ही पाठवलेली चादर’ असं लिहावं. तोंडात जे संबोधन आहे तेच कागदावर यावं, एवढाच नियम.

आता काही बारीक गोष्टी भाषेच्या. वस्तूचं नाव घेतलं की मराठीत तिचं लिंग सगळ्या वाक्याला धरून राहतं. चादर पाठवलेली आणि पोचली, कुकर पाठवलेला आणि पोचला, घड्याळ पाठवलेलं आणि पोचलं. एकच मजकूर तयार करून त्यात फक्त वस्तूची नावं बदलत गेलं की इथे चोरी पकडली जाते. ‘तू पाठवलेली कुकर पोचली’ असं वाचलं की काकूला लगेच कळतं, आपल्या आधी या वाक्यात कोणाची तरी साडी होती.

दुसरं, आभार हे एखाद्या गोष्टी‘बद्दल’ मानतात. ‘चादरीसाठी आभार’ असं हल्ली दिसतं, पण ‘साठी’ म्हटलं की पुढे मिळणाऱ्या वस्तूसारखं ऐकू येतं, जणू चादर मिळावी म्हणून आपण आधीच आभार मानतोय. आणि आभार मानायचे असतात, धन्यवाद द्यायचे असतात. ‘आभार देतो’ किंवा ‘धन्यवाद मानतो’ असं लिहू नये.

आणि तिसरं, ‘कशाला एवढं केलंत?’ हे वाक्य. बोलताना ते फार गोड लागतं, कारण सोबत हसू असतं, हात हातात असतो. कागदावर हसू उतरत नाही. ‘कशाला पाठवलीस चादर?’ एवढंच वाचलं तर मावशीला वाटेल, यांच्याकडे होती वाटतं. म्हणून समोरासमोर हे जरूर म्हणा, चिठ्ठीत मात्र टाळा. किमतीचा उल्लेखही टाळा, ‘एवढी महागाची’ असंसुद्धा नको. देणाऱ्याने किमतीची चिठ्ठी काढून दिली आहे, ती आपण परत लावू नये.

मग आभार हा शब्द कधी वापरायचा? आमच्या मते तो अंतर पाहून वापरावा. ऑफिसमधले साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, वडिलांचे जुने सहकारी, यांना ‘आभारी आहे’ लिहिणं योग्यच आहे, न लिहिलं तर उद्धटपणा वाटेल. पण जसजसं माणूस जवळचं, तसतसा हा शब्द जड होत जातो. या शब्दातच भार आहे. म्हणून तर घरात कोणी आभार मानले की समोरचा म्हणतो, ‘आभार कसले मानतोस, परका आहेस का?’ जवळच्या माणसाला वस्तूचं नाव पुरतं.

काही वस्तू तर अशा आहेत की त्यांच्याबद्दल आभार मानणंच आपल्या रीतीत बसत नाही. ओटीत घातलेला खण-नारळ, हळदीकुंकवाचं वाण, देवाचा प्रसाद, संक्रांतीचा तिळगूळ. शिर्डीहून शेजाऱ्यांनी प्रसाद आणला आणि तुम्ही ‘प्रसादाबद्दल आभारी आहे’ म्हणालात, तर कानाला खटकतं ना? कारण तो शेजाऱ्यांनी दिलेला नसतो, त्यांच्या हातून आलेला असतो. तिथे ‘प्रसाद मिळाला, घरात सगळ्यांना दिला’ एवढंच म्हणायचं. दुसरं काही जोडायचं नाही. तिळगूळ कोणी पाठवला तर त्याचं उत्तर तिळगुळानेच द्यायचं, आणि मोठ्यांना नमस्कार करायचा.

सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे पाकीट. त्याचं नाव कसं घ्यायचं? वहीत ‘५०१’ लिहिलेलं असतं, आणि ते तिथे असायलाच हवं, कारण पुढे त्यांच्या घरच्या कार्यात आपण किती द्यायचे हे त्यावरून ठरतं. पण वहीतला आकडा चिठ्ठीत आला की चिठ्ठीचा हिशोब होतो. तिथे आकड्याऐवजी त्या पैशाचं काय झालं ते सांगावं. ‘तुमच्या आहेरातून स्वयंपाकघरातला छोटा ओटा करून घेतला’ असं लिहिलं की काकांनी दिलेल्या पैशाला वस्तूचं रूप मिळालं, आणि त्या वस्तूचं नाव घेता आलं. अजून काही घेतलं नसेल तर घेतल्याचं खोटं लिहू नका, ‘पाकीट मिळालं, घराचं काहीतरी घेऊ, घेतलं की कळवतो’ असं लिहा, आणि मग खरंच कळवा.

याला एक अपवाद आहे. पैसे तिसऱ्याच्या हातून आले असतील, म्हणजे काकांनी ते चुलतभावाकडे दिले आणि त्याने मांडवात दिले, किंवा मोबाइलवरून पाठवले, तर आकडा जरूर लिहावा. ‘दादाच्या हाती दिलेले १००१ मिळाले.’ इथे चिठ्ठी पुन्हा जुन्या ‘पावले’सारखी पावती आहे. मधला माणूस कितीही सज्जन असला तरी देणाऱ्याला आकडा जुळल्याचं कळलं की बरं वाटतं, आणि मधल्या माणसावरचीही जबाबदारी उतरते.

आता अलीकडची एक नवीन अडचण. इथून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामं लागतात. नागपूरच्या आत्याने मोबाइलवर वस्तू निवडली की बऱ्याचदा ती तिकडच्याच एखाद्या गोदामातून आपल्या दारात येते. खोक्यावर वस्तूचं नाव छापलेलं असतं, पाठवणारा म्हणून दुकानदार कंपनीचं नाव असतं, आणि आत्या कुठेच नसते. वहीत निदान नाव तरी होतं, इथे तेही नाही. अशा वेळी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘हा दिवा कोणी पाठवला?’ असं विचारू नये. ज्यांनी काही पाठवलेलं नाही ते ओशाळे होतात, आणि ज्यांनी पाठवलंय त्यांना वाटतं आपलं नाव यांच्या लक्षातही आलं नाही. आधी खोकं फोडताना आतली बिलाची चिठ्ठी पाहावी, तिच्यावर कधीकधी पाठवणाऱ्याचं नाव किंवा दोन शब्दांचा निरोप असतो. ती कचऱ्यात जाते आणि मग शोध सुरू होतो. नाहीच सापडली, तर घरातल्या एका जाणत्या माणसाला, बहुधा आईला, खासगीत विचारावं. तिला बरोबर ठाऊक असतं.

मंडळी, आम्ही एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न: एकच वस्तू तीन जणांनी दिली तर? आमच्याकडे तीन कॅसरोल आले.

तिघांना तीन चिठ्ठ्या, आणि दुसऱ्या दोघांचा उल्लेख कुठेही नाही. तिन्ही कॅसरोल समोर मांडा, त्यांत काहीतरी फरक सापडतोच. एकाचं झाकण घट्ट बसतं, एकात सहाच पोळ्या मावतात पण तो डायनिंग टेबलावर बरा दिसतो. तो फरकच त्या त्या चिठ्ठीचा मजकूर आहे. एखादा तुम्ही पुढे कोणाला दिलात, तर ‘रोज वापरतो’ असं मात्र लिहू नका. ‘मिळाला, आकार छान आहे’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

प्रश्न: वस्तू फुटून आली तर सांगावं का?

वस्तू दुकानातून थेट आली असेल तर त्याच दिवशी फोन करून सांगावं, कारण बदलून मिळायची मुदत ठरावीक दिवसांची असते आणि तक्रार बहुधा पाठवणाऱ्यालाच करावी लागते. हे चिठ्ठीत लिहू नये. दुसरी वस्तू आली की मग चिठ्ठी लिहावी. पण कोणी हाताने केलेली वस्तू असेल, विणलेलं, रंगवलेलं, आणि ती थोडी दुखावली असेल, तर जोडून घ्यावी आणि जोडलेल्या वस्तूबद्दल लिहावं. ती परत करता येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. पाठवणाऱ्याने विचारलं तर खरं सांगावं.

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे एकदम आभार मानले तर चालत नाही का?

आलात याबद्दल सगळ्यांना एकत्र लिहिलं तर चालतं. आहेराबद्दल नको. ग्रुपवर वस्तूंची नावं घेतली तर कोणी काय दिलं याची जाहीर यादी होते, आणि ज्याने २५१ रुपयांचं पाकीट दिलं तो मान खाली घालतो. नावं नाही घेतली तर पोच मिळत नाही. म्हणून वस्तूचं नाव एकट्यालाच पाठवावं. कागदावर नको असेल तर मोबाइलवर लिहा, सोबत फोटो टाका. पण खोक्याचा फोटो टाकू नका, वस्तू वापरात असतानाचा टाका. चादर पलंगावरची, दिवा लावलेला. आणि फोटोखाली एक ओळ हवीच. नुसत्या फोटोवर मावशीला कळत नाही की ती दोघांना पुरते.

प्रश्न: उशीर झाला. सहा महिने झाले. आता लिहिलं तर हसं होईल?

होणार नाही. उलट सहा महिन्यांनी तुमच्याकडे असा मजकूर आहे जो पहिल्या आठवड्यात नव्हता. चादर चार वेळा धुतली, रंग गेला नाही, आता मऊ झाली. उशीर का झाला याच्या कारणांनी अर्धी चिठ्ठी भरू नका, एक वाक्य पुरे: ‘लिहायला उशीर झाला.’ पुढचं वाक्य लगेच चादरीचं. ती माणसं अजून वाट पाहत असतात.